‘त्याचा व्हॉल्व्ह’ म्हणजे कुणाचा?

*मॅडम, मी भोसरीत एका कारखान्याच्या देखभाल विभागात इंजिनियर आहे. कूलिंग वॉटरच्या दोन पंपांसाठी मी मराठीत सूचनापत्रक लिहिलं. दुसऱ्या पाळीतल्या फिटरदादांनी ते वाचून चालू पंपाचाच व्हॉल्व्ह बंद केला आणि थोड्याच वेळात मशिनं तापली. साहेब म्हणतात, भाषा सोपी कर. मला तर त्यात एकही शब्द अवघड वाटत नाही, आणि माहितीही सगळी दिलेली आहे. मग चुकलं कुठे? परिच्छेद असा आहे:*

*‘राखीव पंप स्वयंचलित प्रारंभ दाब मर्यादा तपासणीपूर्वी मुख्य पंपाचा डिस्चार्ज व्हॉल्व्ह व बायपास व्हॉल्व्ह यांची स्थिती पाहावी. दाब कमी झाल्यास राखीव पंप सुरू होतो व मुख्य पंप बंद होतो. त्यानंतर त्याचा व्हॉल्व्ह बंद करावा. तो बंद न केल्यास त्यातून पाणी उलट वाहते व यामुळे तो उलट फिरू शकतो. हे टाळण्यासाठी त्याची नियमित तपासणी करावी.’*

*— एक वाचक, भोसरी*

नमस्कार.

आधी एक गोष्ट सांगते, कारण ती तुमच्या फिटरदादांपर्यंत पोहोचायला हवी. त्यांनी वाचण्यात चूक केलेली नाही. ‘त्यानंतर त्याचा व्हॉल्व्ह बंद करावा’ या वाक्याचे दोन अर्थ होतात आणि दोन्ही मराठी म्हणून बरोबर आहेत. त्यांनी त्यातला एक घेतला. तुमच्या मनात दुसरा होता.

दोन अर्थ कसे होतात ते पाहू. त्याआधीच्या वाक्यात दोन पंप आहेत, एक राखीव आणि एक मुख्य. ‘त्याचा’ या शब्दाजवळचा पंप मुख्य आहे, म्हणून तुम्ही म्हणाल की मुख्यच धरायला हवा. पण वाचणारा माणूस अंतर मोजत नाही. हा परिच्छेद कुणाबद्दल आहे, हे तो मनात धरून चालतो. तुमच्या परिच्छेदाची सुरुवात ‘राखीव पंप’ या शब्दांनी होते आणि दुसऱ्या वाक्यातही राखीव पंपच आधी येतो. तेव्हा ‘त्याचा’ म्हणजे राखीव पंपाचा, असं कुणाला वाटलं तर नवल नाही. आणि राखीव पंप तर त्या क्षणी चालू होता. त्याचा डिस्चार्ज व्हॉल्व्ह बंद झाल्यावर पंप फिरत राहिला, आतलं तेच पाणी घुसळलं जाऊन तापत राहिलं आणि मशिनांकडे जाणारा प्रवाह थांबला. पुढे जे झालं ते तुम्ही पाहिलंच.

आता मराठीत ही चूक इतकी सहज का होते, यावर थोडं थांबते. एरवी आपली भाषा इथे आपल्याला सांभाळून घेते. ‘पंप मोटरला जोडा, मग ती सुरू करा’ असं लिहिलं तर ‘ती’ म्हणजे मोटर, यात शंका राहत नाही, कारण पंप ‘तो’ आहे आणि मोटर ‘ती’. लिंग आपलं काम गुपचूप करून जातं. या सवयीमुळे आपण सर्वनामांवर जरा जास्तच भरवसा टाकतो. तुमच्या परिच्छेदात मात्र पंप ‘तो’, दुसरा पंपही ‘तो’, व्हॉल्व्ह ‘तो’, दुसरा व्हॉल्व्ह ‘तो’ आणि दाबसुद्धा ‘तो’. पाच पुल्लिंगी नामं एकाच खोलीत बसवून तुम्ही ‘अहो, तुम्ही’ अशी हाक मारली आहे.

शिवाय लिंगाची ही मदत दिसते तितकी भक्कम नाही. शब्दाला प्रत्यय लागला की पुल्लिंग आणि नपुंसकलिंग यांतला फरक पुसला जातो. पंप ‘तो’ आणि सील ‘ते’, पण दोघांचंही रूप ‘त्याचा’, ‘त्याला’, ‘त्यात’ असंच होतं. ‘त्याचा’ मधला ‘चा’ तर मालकाकडे पाहतही नाही. तो पुढच्या व्हॉल्व्हचं लिंग घेऊन आलेला असतो. बोलताना आपण टाकीसाठीसुद्धा ‘त्यात पाणी भरा’ म्हणतो, ‘तिच्यात’ किंवा ‘तीत’ क्वचितच म्हणतो, म्हणजे स्त्रीलिंगही तिथे हरवतं. अनेकवचनात ‘त्यांचा’ म्हटलं की तिन्ही लिंगं एक झाली. आणि सगळ्यात फसवे दोन शब्द म्हणजे ‘ती’ आणि ‘ते’. ‘ती’ एक मोटर असू शकते किंवा चार बटणं. ‘ते’ एक सील असू शकतं किंवा चार पंप. यात भर म्हणजे कारखान्यातल्या निम्म्या शब्दांचं लिंग अजून ठरलेलंच नाही. बेअरिंगला कुणी ‘ते’ म्हणतं, कुणी ‘ती’. तुमच्या पाळीत जे चालतं ते शेजारच्या शेडमध्ये चालेलच, असं नाही.

यातल्या ‘ती’ने मला नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांतच एक धडा दिला होता. तेव्हा मी पुण्याजवळच्याच एका कारखान्यात होते. तेलाच्या लाइनवरच्या गाळणीच्या साफसफाईसाठी मी लिहिलं होतं: ‘झाकण उघडून गाळणी व गॅस्केट बाहेर काढावे. ती स्वच्छ करून परत बसवावी.’ माझ्या मनात ‘ती’ म्हणजे गाळणी; गॅस्केट तर दर वेळी नवीनच घालायचं असतं, हे मला इतकं उघड होतं की लिहावंसं वाटलं नाही. वाचणाऱ्याने ‘ती’ म्हणजे दोन्ही वस्तू घेतल्या. व्याकरणात याचं उत्तर होतं: दोन वस्तू असत्या तर मी ‘बसवावीत’ लिहिलं असतं, ‘बसवावी’ नाही. म्हणजे गाळणी की गाळणी आणि गॅस्केट, हा फैसला शेवटच्या एका ‘त’वर टांगलेला होता. आवाज भरलेल्या शेडमध्ये एकाने मोठ्याने वाचलं आणि दुसऱ्याने काम केलं, तर तो ‘त’ कुणाला ऐकू येणार? दबून कडक झालेलं जुनं गॅस्केट पुसून परत बसवलं गेलं आणि झाकणातून तेल गळायला लागलं. त्या दिवशी जमिनीवरचं तेल पुसणाऱ्यांकडे पाहताना मला कळलं की व्याकरणाने बरोबर असणं आणि वाचणाऱ्याला एकच अर्थ लागणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तेव्हापासून सूचनेत मी ‘गाळणी स्वच्छ करून परत बसवा. गॅस्केट नवीन घाला’ असंच लिहिते.

तुमच्या परिच्छेदात याहून मोठी गोष्ट शेवटी लपलेली आहे. पेन्सिल घ्या आणि प्रत्येक सर्वनामापासून त्याच्या नामाकडे बाण काढत चला. ‘तो बंद न केल्यास’ इथे ‘तो’ म्हणजे व्हॉल्व्ह. ‘त्यातून पाणी उलट वाहते’ इथे व्हॉल्व्हमधूनही वाहतं आणि पंपातूनही, दोन्ही चालेल. ‘यामुळे तो उलट फिरू शकतो’ इथला ‘तो’ मात्र पंप आहे, कारण व्हॉल्व्ह काही उलटा फिरत सुटत नाही. म्हणजे एकाच वाक्यात पहिला ‘तो’ वेगळा आणि दुसरा ‘तो’ वेगळा. वाचणारा जाणकार असल्यामुळे निभावून नेतो, पण तुमचं वाक्य त्याला मदत करत नाही. मग येतं ‘हे टाळण्यासाठी त्याची नियमित तपासणी करावी’. आता बाण काढा. ‘त्याची’ म्हणजे कुणाची? पंपाची? पंपाची तपासणी केल्याने पाणी उलट यायचं थांबत नाही. डिस्चार्ज व्हॉल्व्हची? तो तर हाताने बंद करायचा आहे.

मला वाटतं, तुमच्या मनात एनआरव्ही होता. पंपाच्या डिस्चार्जला बसवलेला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, पाणी पुढे जाऊ देणारा आणि मागे येऊ न देणारा. पूर्ण परिच्छेदात त्याचं नाव एकदाही आलेलं नाही. तुमचा बाण कागदावरच्या कुठल्याच शब्दावर टेकत नाही, तो तुमच्या डोक्यातल्या ड्रॉइंगवर जाऊन टेकतो. तुम्ही लिहिताना समोर पूर्ण लाइन पाहत होता, एनआरव्ही त्यात होताच, म्हणून ‘त्याची’ म्हटल्यावर तुम्हाला तो दिसला. फिटरदादांना दिसला नाही.

आणि तो इथे किती महत्त्वाचा आहे बघा. राखीव पंप आपोआप सुरू व्हायचा असेल तर त्याचा डिस्चार्ज व्हॉल्व्ह उघडाच ठेवावा लागतो, नाहीतर सुरू होऊनही तो पाणी देणार नाही. मग दोन्ही पंपांचं पाणी ज्या पाइपात एकत्र येतं त्या हेडरमधलं दाबाचं पाणी त्या थांबलेल्या पंपात परत शिरू नये, ही जबाबदारी एकट्या एनआरव्हीवर येते. एनआरव्हीची चकती गाळाने अडकली किंवा तिची बैठक झिजली, की पाणी उलट येतं आणि पंप उलटा फिरतो. त्याच वेळी मोटर सुरू झाली तर शाफ्टवर आणि कपलिंगवर जबर पीळ येतो. म्हणजे तुमच्या परिच्छेदातली सर्वांत कामाची वस्तू ‘त्याची’ या शब्दाआड राहिली. ‘माहिती सगळी दिलेली आहे’ असं तुम्ही लिहिलंत, आणि तुम्हाला ते मनापासून वाटलं असणार. सर्वनामाचं नुकसान असं असतं. ते वाक्य पूर्ण झाल्यासारखं भासवतं, त्यामुळे कुठलं नाम लिहायचं राहून गेलं हे लिहिणाऱ्याच्या लक्षात येत नाही.

म्हणून बाण काढायची ही सवय लावून घ्या, आणि स्वतः काढू नका. ज्याने लिहिलं नाही अशा माणसाच्या हातात पेन्सिल द्या. कॉम्प्युटरवर ‘त्या’, ‘तो’, ‘ती’, ‘ते’, ‘हे’ आणि ‘या’ शोधून प्रत्येकाला पिवळा रंग द्या, छापून घ्या आणि पाळी बदलायच्या वेळी एखाद्याला म्हणा, ‘प्रत्येक पिवळ्या शब्दावरून तुम्हाला जी वस्तू समजते तिच्यावर बाण ओढा.’ जिथे त्यांचा बाण तुमच्या बाणापेक्षा वेगळीकडे गेला, तिथे वाद घालू नका, नाम लिहा. कुणी हाताशी नसेल तर एक मोजणी करा: सर्वनामाच्या आधीच्या दोन वाक्यांत त्याच लिंगाची आणि त्याच वचनाची नामं किती आहेत? एक असेल तर सर्वनाम राहू द्या. दोन किंवा जास्त असतील तर नाम पुन्हा लिहा. प्रत्यय लागलेल्या ‘त्या’साठी पुल्लिंगी आणि नपुंसकलिंगी नामं एकत्र मोजा.

‘हे’ आणि ‘यामुळे’ यांचं दुखणं वेगळं आहे. ते वस्तूकडे बोट दाखवत नाहीत, घडलेल्या गोष्टीकडे दाखवतात, आणि कुठल्या घटनेकडे ते सांगत नाहीत. तुमच्या ‘हे टाळण्यासाठी’ मधलं ‘हे’ म्हणजे पाणी उलट वाहणं की पंप उलटा फिरणं? यावरचा उपाय सोपा आहे. ‘हे’ला एकटं सोडू नका, त्याच्या जोडीला एक नाम द्या. ‘हा उलटा प्रवाह टाळण्यासाठी’ किंवा ‘या उलट्या फिरण्यामुळे’. नाम सुचत नसेल तर समजा की तुमच्या मनातही ते ‘हे’ नेमकं झालेलं नाही.

तुम्ही म्हणाल, मग ‘व्हॉल्व्ह, व्हॉल्व्ह, व्हॉल्व्ह’ असं किती वेळा लिहायचं? जितक्या वेळा लागेल तितक्या वेळा. शाळेत निबंधाच्या वहीवर बाईंनी लाल शाईने ‘पुनरुक्ती टाळा’ लिहिलेलं असतं आणि आपण ते आयुष्यभर पाळतो. निबंधात ते ठीक होतं. सूचनापत्रकात तीच सवय घातक ठरते. त्याहून वाईट म्हणजे पुनरुक्ती टाळायला शब्द बदलणं, एकदा ‘व्हॉल्व्ह’, पुढच्या ओळीत ‘झडप’, त्यापुढे ‘नियंत्रक’. वाचणारा बिचारा तीन वस्तू शोधत राहतो. एका वस्तूला एकच नाव, आणि ते शेडमध्ये सगळे म्हणतात तेच.

फक्त कुठलं नाम पुन्हा लिहायचं, याचा विचार करा. तुमच्या बाबतीत ‘मुख्य पंप’ आणि ‘राखीव पंप’ हीच नावं अडचणीची आहेत, कारण ती पंपांची नावं नाहीत, त्यांची त्या वेळची कामं आहेत. राखीव पंप सुरू झाला आणि मुख्य थांबला, की आता मुख्य कोण? काही जण म्हणतील नावं तीच राहतात, काही म्हणतील अदलाबदल झाली. अशा वेळी दोन वाटा आहेत. कुठला पंप हे कायमचं ठरलेलं असेल तर पंपावर रंगाने लिहिलेलं अक्षर वापरा, ‘पंप ए’ आणि ‘पंप बी’. पण तुमची सूचना दोन्ही बाजूंनी लागू आहे. कधी ए थांबेल, कधी बी. म्हणून मी त्या क्षणी डोळ्यांना दिसणारी खूण घेईन: ‘थांबलेला पंप’ आणि ‘चालू पंप’. पंपाजवळ उभा असलेला माणूस आवाजावरून आणि फिरणाऱ्या कपलिंगवरून ते लगेच ओळखतो. ‘थांबलेल्या पंपाचा डिस्चार्ज व्हॉल्व्ह बंद करा’ हे एवढं लिहिलेलं असतं तर मशिनं तापली नसती.

आता तुमचं पहिलं वाक्य. ‘राखीव पंप स्वयंचलित प्रारंभ दाब मर्यादा तपासणीपूर्वी’. यातला एकेक शब्द खरंच सोपा आहे, तुमचं बरोबर आहे. अडचण शब्दांत नाही, शब्दांच्या मधल्या रिकाम्या जागांत आहे. सात शब्द एकामागे एक ठेवलेत आणि त्यांचं एकमेकांशी नातं काय, ते सांगणारा प्रत्यय एकही नाही, फक्त शेवटी एक ‘पूर्वी’. मराठीत शब्दांची नाती प्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं सांगतात: चा, ला, ने, साठी, मधला, वरचा. ते सगळे काढून टाकले की उरते ती इंग्रजी नावाची सावली. इंग्रजी फाइलमधली नामांची माळ शब्दाला शब्द ठेवून मराठीत आणली की असंच होतं, आणि पुण्याच्या औद्योगिक पट्ट्यातली निम्मी सूचनापत्रकं याच रस्त्याने जन्माला येतात.

अशी माळ सोडवायची तर शेवटच्या मण्यापासून मागे जायचं, कारण माळेतला शेवटचा शब्द हा खरा विषय असतो आणि आधीचे सगळे त्याला चिकटलेले असतात. इथे शेवटचा शब्द तपासणी. कशाची तपासणी? मर्यादेची. कशाची मर्यादा? दाबाची. कुठला दाब? इथे माझं पेन थांबलं. पंपाच्या डिस्चार्जचा दाब की हेडरमधला? तुमच्या माळेत त्याचं उत्तर नाही. आधीच्या पंपाबद्दल बोलतोय म्हणून वाचणारा पंपाचा दाब धरेल, आणि राखीव पंप सुरू करणारा प्रेशर स्विच बहुधा हेडरवर असेल. पुढे जाऊ. कशासाठीचा दाब? प्रारंभासाठीचा. कशाचा प्रारंभ? राखीव पंपाचा. आणि ‘स्वयंचलित’ काय आहे, प्रारंभ की तपासणी? ‘स्वयंचलित’ या विशेषणाचं रूप बदलत नाही, म्हणून ते कुणाला चिकटलं आहे हे कळत नाही. ‘नवा’ असता तर ‘नव्या पंपाची मोटर’ आणि ‘पंपाची नवी मोटर’ असा फरक दिसला असता. ‘मुख्य’, ‘कमाल’, ‘किमान’, ‘दुय्यम’, ‘स्वयंचलित’ ही सगळी न बदलणारी विशेषणं आहेत, आणि माळेच्या सुरुवातीला किंवा मध्ये ती बसली की ती कुठल्या नामाची आहेत ते फक्त लिहिणाऱ्यालाच माहीत असतं.

प्रश्न विचारून नाती सापडली की पहिला मोह होतो तो सगळीकडे ‘च्या’ लावण्याचा: ‘राखीव पंपाच्या स्वयंचलित प्रारंभाच्या दाबाच्या मर्यादेच्या तपासणीच्या आधी’. हे टाळा. यात प्रत्यय आले, पण नातं उलगडलं नाही, कारण ‘चा’ एकटाच दहा कामं करतो. पंपाचा व्हॉल्व्ह, रबराचा पाइप, पाण्याचा दाब, धोक्याचा दिवा, या चारही ठिकाणी नातं वेगळं आहे. सलग दोन ‘च्या’ कान सहन करतो. तिसरा आला की वाचणारा पहिला शब्द विसरलेला असतो.

खरा उपाय माळेत कोंडलेलं क्रियापद मोकळं करण्यात आहे. ‘प्रारंभ’ म्हणजे सुरू होणं. ‘तपासणी’ म्हणजे तपासणं. ही दोन क्रियापदं नामांचे कपडे घालून बसली आहेत. ती क्रियापदं झाली की कोण सुरू होतं आणि कोण तपासतं, हे आपोआप सांगावं लागतं. आणि मराठीकडे यासाठी फार सुंदर साधन आहे, ‘ज्या… त्या’ची जोडी: ‘ज्या दाबाला राखीव पंप आपोआप सुरू होतो, तो दाब तपासण्यापूर्वी…’ इथे ‘तो’ आला तरी शंका नाही, कारण ‘ज्या दाबाला’ने त्याला आधीच बांधून ठेवलं आहे आणि ‘तो’च्या शेजारी ‘दाब’ बसला आहे. यापेक्षा लहान हवं असेल तर ‘राखीव पंप आपोआप सुरू होण्याचा दाब’. ‘आपोआप’ ‘सुरू होण्या’ला चिकटलं, म्हणजे स्वयंचलित काय हा प्रश्नही मिटला. यापुढच्या ओळींत त्याला ‘सुरू होण्याचा दाब’ एवढंच म्हणा, मात्र पत्रकभर तेच म्हणा.

सगळ्याच माळा तोडायच्या नसतात, हेही सांगायला हवं. ‘डिस्चार्ज व्हॉल्व्ह’, ‘प्रेशर स्विच’, ‘नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह’ ही वस्तूंची नावं आहेत. शेडमधला प्रत्येक जण ती एका दमात म्हणतो, पाटीवर तीच लिहिलेली असतात. त्यांना ‘पाणी बाहेर सोडण्याच्या बाजूचा व्हॉल्व्ह’ असं उलगडायला गेलात तर उलट गोंधळ वाढवाल. विमानांच्या देखभालीची इंग्रजी सूचनापत्रकं ज्या नियमांनी लिहितात, त्या एएसडी-एसटीई १०० या मानकात नामांची माळ तीन शब्दांपेक्षा लांब नको, असं स्पष्ट म्हटलं आहे. या नियमांची पहिली आवृत्ती १९८६ साली आली. विमान दुरुस्त करणाऱ्या अनेकांची मायबोली इंग्रजी नसते, हे तिच्यामागचं कारण होतं. तसंच आवश्यकता लिहिण्याबद्दलच्या आयएसओ/आयईसी/आयईईई २९१४८ या मानकात टाळायच्या संदिग्ध शब्दांमध्ये ‘तो’, ‘हे’, ‘ते’ या धर्तीची सर्वनामं नोंदली आहेत. साहेबांना पटवायला याचा उपयोग होईल. तीनचा आकडा मराठीलाही बऱ्यापैकी लागू पडतो, असा माझा अनुभव आहे, पण आकड्यापेक्षा मी एक प्रश्न विचारते: हे नाव फिटर फोनवर असंच म्हणेल का? म्हणत असेल तर राहू द्या. तुमची सात शब्दांची माळ फोनवर कुणी म्हणणार नाही.

आता तुमचा परिच्छेद मी कसा लिहीन ते देते. आकडा उदाहरणाचा आहे, तुमच्या प्लांटचा घाला.

‘राखीव पंप आपोआप सुरू होण्याचा दाब तपासण्यापूर्वी दोन्ही पंपांचे डिस्चार्ज व्हॉल्व्ह पूर्ण उघडे असल्याची खात्री करा.

हेडरमधला दाब २.५ किलोपर्यंत उतरला, की राखीव पंप आपोआप सुरू होतो. राखीव पंप सुरू झाल्यावर पॅनेल आधीचा पंप थांबवतं.

थांबलेला पंप दुरुस्तीला घ्यायचा असेल, तर थांबलेल्या पंपाचा डिस्चार्ज व्हॉल्व्ह बंद करा. चालू पंपाच्या डिस्चार्ज व्हॉल्व्हला हात लावू नका.

थांबलेल्या पंपाचा डिस्चार्ज व्हॉल्व्ह उघडा असेल आणि त्याच पंपाचा एनआरव्ही नीट बसत नसेल, तर हेडरमधलं पाणी थांबलेल्या पंपात उलट शिरतं आणि पंप उलटा फिरतो. उलटा फिरणारा पंप सुरू करू नका. शाफ्ट किंवा कपलिंग तुटू शकतं.

दोन्ही पंपांचे एनआरव्ही ठरलेल्या वेळापत्रकाप्रमाणे तपासा.’

तुमच्यापेक्षा हे लांब आहे, जवळजवळ दुप्पट. त्याचं वाईट वाटून घेऊ नका. तुमच्या परिच्छेदात जे शब्द वाचवले होते, ते प्रत्येक वाचणाऱ्याला मनात भरावे लागत होते, आणि प्रत्येकाने वेगळे भरले. माझ्या लिहिण्यात एकही मोकळं ‘तो’ किंवा ‘हे’ उरलेलं नाही; ‘त्याच पंपाचा’ मधल्या ‘त्याच’च्या शेजारी पंप बसलेला आहे.

लिहिताना तीन ठिकाणी मला अंदाज करावा लागला, ती तुम्ही तपासून घ्या. एक म्हणजे एनआरव्ही, वर म्हटलं तसं. दुसरं, ‘राखीव पंप सुरू होतो व मुख्य पंप बंद होतो’ मधला ‘व’. मुख्य पंप आधी बंद पडतो म्हणून दाब उतरतो, की दाब उतरल्यावर पॅनेल त्या पंपाला थांबवतं? मी दुसरं धरलं आहे. पहिलं खरं असेल तर दुसरा परिच्छेद बदलावा लागेल, आणि तो पंप का बंद पडला हे शोधायची ओळ घालावी लागेल. तिसरं, बायपास व्हॉल्व्ह. ‘मुख्य पंपाचा डिस्चार्ज व्हॉल्व्ह व बायपास व्हॉल्व्ह’ यात बायपास फक्त मुख्य पंपाचा आहे की दोन्ही पंपांना मिळून एक आहे, हे वाक्यावरून ठरत नाही, आणि तपासणीच्या वेळी तो उघडा हवा की बंद, हेही ‘स्थिती पाहावी’ यातून कळत नाही. म्हणून मी तो वगळला आहे. तो कुठल्या लाइनवर आहे आणि कसा ठेवायचा, हे फिटरदादांना सोबत घेऊन जागेवर बघा, आणि पहिल्या परिच्छेदात त्याच्यासाठी एक स्वतंत्र वाक्य लिहा.